पनेटचा चौकोन कसा मांडायचा, कसा वाचायचा: ३:१ आणि ९:३:३:१ नेमके कुठून येतात

आनुवंशिकतेच्या टिपणांत संकरणाचा तक्ता बहुतेक वेळा भरलेलाच छापलेला असतो आणि त्याखाली '३:१' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. विद्यार्थी ते पाठ करतात. मग प्रश्नात एखादा शब्द बदलला, दोन वाहक आईवडिलांऐवजी एकच वाहक आला किंवा लाल-पांढऱ्याच्या मध्ये गुलाबी फूल आलं, की पाठ केलेलं गुणोत्तर चुकीच्या जागी बसवलं जातं. म्हणून गुणोत्तर पाठ करण्यापेक्षा ते कसं तयार होतं हे पाहिलेलं बरं. तक्त्यात ते दोनच जागी ठरतं. एक, चौकोनाच्या कडेवर आपण काय लिहिलं. आणि दोन, आतले खाने मोजताना कोणते खाने एका गटात धरले. बाकी सगळं यांत्रिक काम आहे.

कडेवर पालक नाही, युग्मकं

उदाहरण मेंडेलच्याच वाटाण्याचं घेऊ. ब्रनो शहरातल्या मठात १८५६ ते १८६३ या काळात त्याने हे प्रयोग केले. वाटाण्याचे वाळलेले दाणे दोन तऱ्हेचे: गोल आणि सुरकुतलेले. हा फरक एका जनुकाचा आहे. त्या जनुकाचं चालू रूप R, बिघडलेलं रूप r. R पासून तयार होणारं विकर दाण्यातल्या स्टार्चला फांद्या फोडायला मदत करतं. ते नसेल तर स्टार्च कमी बनतो, साखर साठते, साखरेमुळे कोवळ्या दाण्यात पाणी जास्त शिरतं आणि वाळताना तो दाणा आकसून सुरकुततो. R ची एक प्रत असली तरी दाणा गोल राहण्याइतकं काम भागतं, म्हणून R प्रभावी आणि r अप्रभावी. 'प्रभावी' म्हणजे बलवान नव्हे, की संख्येने जास्त आढळणारं नव्हे. दोन्ही रूपं एकत्र असताना दिसण्यात ज्याचा परिणाम उमटतो ते, एवढाच अर्थ.

प्रत्येक झाडाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. परागकण किंवा अंडपेशी यांतली युग्मकं तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या फुटतात आणि प्रत्येक युग्मकात एकच प्रत जाते. Rr झाडाची निम्मी युग्मकं R, निम्मी r. चौकोनाच्या वरच्या कडेवर एका पालकाची युग्मकं लिहायची आणि डाव्या कडेवर दुसऱ्याची. आतला खाना म्हणजे वरचं अक्षर अधिक डावीकडचं अक्षर. मोठं अक्षर आधी लिहायचं, म्हणजे Rr आणि rR हे दोन वेगळे प्रकार वाटत नाहीत.

| | R | r |
|---|---|---|
| R | RR | Rr |
| r | Rr | rr |

आता वाचन. आधी फक्त अक्षरं मोजा: RR एक, Rr दोन, rr एक. हे १:२:१ म्हणजे जनुकांचं गुणोत्तर, जिनोटाइप. मग डोळ्यांना काय दिसेल ते विचारा. RR आणि Rr दोन्ही गोलच दिसणार, म्हणून ते तीन खाने एका गटात टाकायचे. हे ३:१ म्हणजे दिसणाऱ्या लक्षणाचं गुणोत्तर, फिनोटाइप. चौकोनाने आपल्याला १:२:१ दिलं. ३:१ आपण गट पाडून केलं. हा क्रम उलटा केला की पुढे गोंधळ होतो.

मेंडेलला २५३ संकरित झाडांवर ७,३२४ दाणे मिळाले: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. भागाकार २.९६.

इथे पिढी मोजण्यात एक चूक हमखास होते. दाण्याच्या आतला गर्भ आणि त्याची दलं ही पुढच्या पिढीची असतात. शेंग मात्र आईझाडाची असते. Rr झाडावरच्या शेंगा सोलल्या की आत दुसरी पिढी, म्हणजे F2, तयारच असते. त्यामुळे दाण्याचा आकार किंवा दलांचा रंग यांचं गुणोत्तर पाहायला दाणे पेरावे लागत नाहीत. झाडाची उंची किंवा फुलाचा रंग पाहायचा असेल तर मात्र ते पेरून झाडं वाढवावी लागतात, म्हणजे आणखी एक हंगाम लागतो.

खाना म्हणजे अपत्य नव्हे

चार खाने पाहून 'चार दाण्यांपैकी तीन गोल, एक सुरकुतलेला' असं म्हणायची सवय लागते. ते चूक आहे. प्रत्येक खाना एका शक्यतेचा आहे आणि चारही शक्यता दर दाण्याला नव्याने लागू होतात. एका शेंगेत चार दाणे असतील तर बरोबर तीन गोल आणि एक सुरकुतलेला निघण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के आहे. चारही गोल निघण्याची शक्यता (३/४ चा चौथा घात, म्हणजे ८१/२५६) जवळपास ३२ टक्के आहे. म्हणजे 'अपेक्षित' गुणोत्तर न दिसणं हेच लहान संख्येत जास्त वेळा घडतं.

मेंडेलने हे लपवलं नाही. त्याच्या एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले दाणे होते, तर दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. दोन्ही झाडं Rr च. हजारो दाण्यांची बेरीज केली तेव्हा ३:१ स्पष्ट झालं. परीक्षेत '१६ रोपांपैकी ५ बुटकी निघाली, मग ३:१ नियम मोडला का' असं विचारलं, तर उत्तर 'नाही' असं आहे. अपेक्षा ४ ची होती आणि १६ च्या नमुन्यात एकाचा फरक किरकोळ आहे.

माणसांच्या बाबतीत ही चूक महागात पडते. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या भागांत सिकलसेलची तपासणी होते तेव्हा अहवालात AS किंवा SS लिहिलेलं असतं. लोकही 'एएस पॅटर्न', 'एसएस पॅटर्न' असंच म्हणतात. AS म्हणजे वाहक, SS म्हणजे रुग्ण. दोघे जोडीदार AS असतील तर चौकोन वरच्यासारखाच:

| | A | S |
|---|---|---|
| A | AA | AS |
| S | AS | SS |

प्रत्येक गर्भधारणेत SS ची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल रुग्ण आहे म्हणून पुढची तीन निरोगी होतील, हा समज त्या चार खान्यांना चार मुलं मानल्याने होतो. दुसऱ्या गर्भधारणेलाही तेच २५ टक्के लागू होतात, तिसऱ्यालाही.

याच तक्त्यावरून आणखी एक गोष्ट शिकता येते. आजार आहे की नाही एवढंच पाहिलं तर AA आणि AS एका गटात जातात आणि ३:१ मिळतं. रक्तातलं हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसने तपासलं तर AS व्यक्तीत दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन वेगवेगळं दिसतं, तिन्ही प्रकार ओळखता येतात आणि गुणोत्तर १:२:१ राहतं. प्राथमिक विद्राव्यता चाचणी AS आणि SS दोन्हींत 'आहे' असंच सांगते, म्हणजे तिने पाडलेले गट पुन्हा वेगळे: AA एकीकडे, बाकी तीन खाने दुसरीकडे. चौकोन एकच, पण पाहण्याचं साधन बदललं की गुणोत्तर बदलतं. वाटाण्यातही असंच आहे. Rr दाणा बाहेरून गोल दिसतो, पण त्यातले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली RR आणि rr यांच्या मधले दिसतात.

गुलबक्षीची फुलं हे याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी येते आणि गुलाबी गुणिले गुलाबी केलं की लाल, गुलाबी, पांढरी १:२:१ अशी निघतात. यासाठी वेगळा नियम शिकण्याची गरज नाही. मधला प्रकार डोळ्यांना वेगळा दिसतो, म्हणून गट पाडायची वेळच येत नाही, एवढंच. उंदरांतल्या एका पिवळ्या रंगाच्या जनुकाचं उलट आहे: पिवळा गुणिले पिवळा केल्यावर पिवळे आणि बिनपिवळे २:१ येतात. कारण पिवळ्या रूपाच्या दोन्ही प्रती मिळालेला गर्भ जन्माआधीच मरतो. चारपैकी एक खाना मोजणीतच येत नाही, मग उरलेल्या तिघांवरच गुणोत्तर काढावं लागतं.

एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश

खाना वगळायचा हा मुद्दा नीट समजला तर चांगल्या चांगल्यांना अडवणारा एक प्रश्न सुटतो. दोघे पालक AS, एक मूल SS, दुसरा मुलगा पूर्ण निरोगी. तो वाहक असण्याची शक्यता किती? चटकन उत्तर येतं निम्मी, कारण तक्त्यात AS चे दोन खाने आहेत. पण तो SS नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे. तो खाना खोडा. उरले तीन: AA एक, AS दोन. म्हणून शक्यता २/३. त्याने वाहक मुलीशी लग्न केलं तर मूल रुग्ण असण्याची शक्यता २/३ गुणिले १/४, म्हणजे १/६. हा आकडा तपासणी होईपर्यंतचाच. रक्ताची तपासणी झाली की तो तरी ० होतो किंवा १/४, त्यामुळे गणितावर थांबण्यापेक्षा तपासणी करावी.

मेंडेलनेही हा २/३ पडताळून पाहिला होता. दुसऱ्या पिढीतल्या गोल दाण्यांपासून वाढवलेल्या ५६५ झाडांपैकी १९३ झाडांनी फक्त गोल दाणे दिले आणि ३७२ झाडांनी गोल आणि सुरकुतलेले दोन्ही दिले. गोल गटात RR आणि Rr यांचं प्रमाण १:२ असावं, ते १:१.९३ आलं. माझ्या मते ३:१ पेक्षा हा पुरावा जास्त वजनदार आहे, कारण दिसायला सारखे असलेले दाणे आतून वेगळे आहेत हे त्यातून कळतं.

एखादं गोल दाण्याचं झाड RR आहे की Rr हे ठरवायचा जवळचा मार्ग म्हणजे चाचणी संकरण: त्याचा rr शी संकर करायचा. rr कडून फक्त r येतो, जो काहीही झाकत नाही, त्यामुळे दुसऱ्या पालकाची युग्मकं जशीच्या तशी दाण्यांत दिसतात. एकही सुरकुतलेला दाणा आला तर झाड Rr, हे पक्कं. सगळे गोल आले तर मात्र RR पक्कं म्हणता येत नाही. Rr असूनही पाच दाणे गोल निघण्याची शक्यता १/३२ आहे, म्हणजे तीन टक्क्यांच्या वर. दहा दाणे मोजले तर ती हजारात एक एवढी उतरते.

दोन लक्षणं एकदम

आता दलांचा रंग घेऊ: पिवळा Y प्रभावी, हिरवा y अप्रभावी. RrYy गुणिले RrYy हा द्विसंकर. सर्वाधिक चुका इथे कडेवर होतात. विद्यार्थी कडेवर Rr आणि Yy लिहितात. तसं युग्मक असूच शकत नाही, कारण त्यात एका जनुकाच्या दोन प्रती आहेत आणि दुसऱ्याची एकही नाही. प्रत्येक युग्मकात प्रत्येक जनुकाचं एक अक्षर हवं, कमी नाही, जास्त नाही. R सोबत Y किंवा y, r सोबत Y किंवा y: अशी चार युग्मकं होतात.

| | RY | Ry | rY | ry |
|---|---|---|---|---|
| RY | RRYY | RRYy | RrYY | RrYy |
| Ry | RRYy | RRyy | RrYy | Rryy |
| rY | RrYY | RrYy | rrYY | rrYy |
| ry | RrYy | Rryy | rrYy | rryy |

तक्ता बरोबर भरला का, हे कर्णांवरून लगेच कळतं. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे जाणाऱ्या कर्णावर चार शुद्ध प्रकार येतात: RRYY, RRyy, rrYY, rryy. दुसऱ्या कर्णावर चारही खाने RrYy असायला हवेत. तसं नसेल तर दोन्ही कडांवर युग्मकांचा क्रम वेगळा लिहिला गेला आहे किंवा कुठेतरी अक्षर सुटलं आहे.

मोजताना प्रत्येक खान्याला दोनच प्रश्न विचारा: मोठा R आहे का? मोठा Y आहे का? दोन्ही असलेले नऊ, फक्त R असलेले तीन, फक्त Y असलेले तीन, काहीच नसलेला एक. हेच ९:३:३:१. मेंडेलला १५ झाडांवरच्या ५५६ दाण्यांत ३१५ गोल पिवळे, १०८ गोल हिरवे, १०१ सुरकुतलेले पिवळे आणि ३२ सुरकुतलेले हिरवे मिळाले. ५५६ ला १६ ने भागून ९, ३, ३, १ ने गुणलं की अपेक्षित आकडे ३१२.७५, १०४.२५, १०४.२५ आणि ३४.७५ येतात. अपेक्षित आकडे पूर्णांकात आणू नयेत. अर्धा-पाऊण दाणा नसतो हे खरं, पण ती सरासरी आहे. प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतला फरक किती मोठा आहे हे सांगणारा काय-वर्ग काढायचा तर प्रत्येक गटातल्या फरकाचा वर्ग त्या गटाच्या अपेक्षित आकड्याने भागून बेरीज करा: इथे ती ०.४७ येते. चार गटांसाठी मर्यादा ७.८२ आहे. बेरीज त्याच्या आत असेल तर फरक योगायोगाचा मानायला हरकत नाही.

तीन लक्षणं आली की ६४ खाने होतात, आणि त्या तक्त्यात कोणीही चुकेल. तिथे चौकोन सोडून गुणाकार करावा. दोन लक्षणांतही तो चालतो: गोलची शक्यता ३/४, हिरव्याची १/४, म्हणून गोल हिरवा ३/१६. पालक RrYy आणि Rryy असे वेगळे असतील तरी पद्धत तीच. गोल ३/४, पिवळा १/२, म्हणजे गोल पिवळा ३/८. अशा प्रश्नात ९:३:३:१ लिहून आलेल्यांचे गुण जातात, कारण ते गुणोत्तर दोन्ही पालक RrYy असतानाचंच आहे.

कडा समान नसतील तेव्हा

हा गुणाकार एका अटीवर उभा आहे: चारही युग्मकं सारख्या प्रमाणात, प्रत्येकी २५ टक्के, तयार होतात. R आणि Y वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्यामुळे ते खरं ठरतं. दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असतील तर ती बहुतेक वेळा एकत्रच पुढे जातात आणि अट मोडते.

हे पहिल्यांदा लख्ख दिसलं ते ज्याच्या नावाने हा चौकोन ओळखला जातो त्या पनेटलाच. केंब्रिजमध्ये बेटसन आणि साँडर्स यांच्यासोबत तो स्वीट पी या शोभेच्या वेलीवर काम करत होता. जांभळं फूल लालवर प्रभावी, लांबट परागकण गोलवर प्रभावी; जांभळ्यासाठी P, लालसाठी p, लांबटसाठी L आणि गोलसाठी l लिहू. जांभळं-लांबट आणि लाल-गोल यांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत ६,९५२ झाडं मिळाली: जांभळी-लांबट ४,८३१, जांभळी-गोल ३९०, लाल-लांबट ३९३, लाल-गोल १,३३८. नऊ-तीन-तीन-एकप्रमाणे लाल-गोल फक्त ४३४ च्या आसपास असायला हवी होती. फूल किंवा पराग एकेकटं पाहिलं तर मात्र ३:१ शाबूत आहे: जांभळी ५,२२१, लाल १,७३१. म्हणजे प्रभावी-अप्रभावीत गडबड नाही, दोन लक्षणांच्या जोडणीत आहे. प्रत्यक्ष आकडे हाती आले की तपासणी याच क्रमाने करावी, आधी एकेक लक्षण आणि मग जोडी.

आता चौकोन दुरुस्त करू. लाल-गोल झाड हे pl युग्मकाची pl शीच गाठ पडली तरच तयार होतं. त्याचा वाटा १,३३८ भागिले ६,९५२, म्हणजे ०.१९२५. याचं वर्गमूळ सुमारे ०.४४. म्हणून pl युग्मकं २५ नव्हे तर ४४ टक्के होती, PL ही तितकीच, आणि Pl व pL प्रत्येकी जेमतेम ६ टक्के. कडेवर अक्षरांशेजारी हे अंश लिहा आणि प्रत्येक खान्यात दोन अंशांचा गुणाकार मांडा. वर्गमूळाची दशांश स्थळं न तोडता गणित केलं तर जांभळी-लांबट सुमारे ४,८१४ आणि मिश्र प्रकार प्रत्येकी ४०० येतात. प्रत्यक्षात आले ४,८३१, ३९० आणि ३९३.